कल्चर निगेटिव्ह, इंजेक्शनं चालू, ताप तसाच. टायफॉइड नाही असं समजायचं का?

मेघना_रावपुरा (सोमवार, रात्री 10:40)

वडोदऱ्यातल्या मंडळींना, विशेषतः डॉक्टर आणि लॅबमध्ये काम करणाऱ्यांना विचारते आहे. धाकटा भाऊ, वय 24, आज तापाचा दहावा दिवस. तिसऱ्या दिवशी फॅमिली डॉक्टरांनी सेफिक्झिमच्या गोळ्या दिल्या. ताप 103 वरून हलेना म्हणून सहाव्या दिवशी, गुरुवारी, एका खाजगी दवाखान्यात दाखल केलं. तिथे रक्त घेतलं आणि संध्याकाळपासून सेफ्ट्रिआक्झोनची इंजेक्शनं सुरू झाली. आज पाचवं झालं. डेंगी, मलेरिया दोन्ही नाही. टायफॉइडसाठीचं विडाल 1:160 आलंय. ब्लड कल्चरचा रिपोर्ट आजही ‘वाढ नाही’ असाच आहे, उद्या शेवटचा येईल.

ताप संध्याकाळी 102 ला जातोच. पोट थोडं फुगलंय, जिभेवर पांढरा थर आहे. खाणं नाही.

घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात कल्चर स्वच्छ आहे म्हणजे टायफॉइड नाहीच, इंजेक्शनं बंद करा आणि दुसरं काही शोधा. मामा म्हणतो विडाल आहे म्हणजे टायफॉइडच. दवाखान्यातले डॉक्टर ‘अजून दोन दिवस थांबू’ म्हणतात. आई नुसती त्याच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलते आहे. कोणाचं ऐकू?

निनाद_मांजलपूर (रात्री 10:58)

मेघना, माझं मेडिकल स्टोअर आहे, रोज पाहतो म्हणून सांगतो. टायफॉइडच आहे. सेफिक्झिम घेतल्यावर रक्त काढलं ना, तिथेच कल्चर मेलं. गोळीने रक्तातले जंतू मारले, बाटलीत काय उगवणार? आणि पाच इंजेक्शनांनी ताप हटत नाही म्हणजे रेझिस्टन्स, जंतू औषधाला दाद देत नाही. औषध बदलायला सांगा, थांबू नका.

स्मिता_समा (रात्री 11:15)

कल्चर निगेटिव्ह आलंय ही तर चांगली बातमी आहे ना? माझ्या मुलीलाही तसंच होतं. तिला मात्र वर्षभरात तीनदा टायफॉइड झाला, तिन्ही वेळा विडाल पॉझिटिव्ह. दर वेळी चौदा दिवस औषध. बाहेरचं पाणी, लारीवरची पाणीपुरी सगळं बंद केलंय तरी परत परत होतो. कोणाला कायमचा उपाय माहीत आहे का?

वृषाली_सूक्ष्म (रात्री 11:50)

मेघना, मी लॅबमध्ये आहे, अठरा वर्षं कल्चरच्याच टेबलावर. उपचार सांगणं माझं काम नाही, बाटलीबद्दल मात्र सांगू शकते.

‘वाढ नाही’ याचा अर्थ ‘त्या बाटलीत गेलेल्या रक्तात वाढणारा जंतू सापडला नाही’ एवढाच. टायफॉइडचा जंतू रक्तात फार विरळ असतो. तो मुख्यतः पेशींच्या आत, यकृतात, प्लीहेत, अस्थिमज्जेत बसलेला असतो, रक्तात थोडेच फिरतात. निम्म्या रुग्णांत तर मिलीलिटरमागे एक जंतूही नसतो.

हिशोब करून पाहा. समजा भावाच्या 10 मिली रक्तात तीन जंतू आहेत. बाटलीत 2 मिली घातलं, तर शंभर वेळा रक्त काढल्यास साधारण 55 वेळा त्यात एकही जंतू येणार नाही. 10 मिली घातलं तर जंतू न येण्याची वेळ शंभरात पाचच. दोन बाटल्यांत 20 मिली घातलं तर रिकामं राहणं जवळजवळ संपतं. म्हणजे तोच रुग्ण, तेच मशीन, आणि फक्त रक्त कमी पडल्यामुळे निकाल उलटा. सगळं नीट केलं तरी ब्लड कल्चर दहातले सहाच्या आसपास टायफॉइड पकडतं, बाकीचे सुटतात.

म्हणून एकच विचारते. गुरुवारी बाटलीत किती रक्त गेलं? कुणी पाहिलं का?

निनाद, सेफिक्झिमचं तुमचं म्हणणं बरोबर असू शकतं, पण नक्की नाही. हल्लीच्या बाटल्यांत औषध शोषून घेणारे रेझिनचे बारीक मणी असतात, त्यामुळे थोडंफार औषध आलं तरी जंतू वाढायला वाव मिळतो. शरीरातच मेलेला जंतू मात्र मणी परत आणत नाहीत.

मेघना_रावपुरा (मंगळवार, रात्री 12:20)

मीच होते शेजारी. सिस्टरनी 5 मिलीची सिरिंज वापरली, एकदाच टोचलं. आधी जांभळ्या टोपणाच्या नळीत घातलं, मग पिवळ्या टोपणाच्या. शेवटी जे उरलं ते कल्चरच्या बाटलीत. फार तर दोन मिली असेल. बाटली एकच होती.

वृषाली_सूक्ष्म (रात्री 12:34)

अरेरे. सगळीकडे हेच दिसतं. कल्चरची बाटली शेवटी भरली जाते, आणि सिरिंजच 5 मिलीची असते. मोठ्या माणसाच्या बाटलीला 8 ते 10 मिली लागतं, बाजूच्या लेबलवर रेघाही असतात. आणि बाटली आधी भरायची, नळ्या नंतर.

एक करता येईल. बाटली उद्या मशीनमधून निघेल, त्याआधी लॅबला विनंती करा की तिचं वजन करा आणि त्याच लॉटच्या, रक्त न घातलेल्या बाटलीचं वजा करा. एक मिली रक्त म्हणजे साधारण एक ग्रॅम. बाटल्यांच्या काचेचं वजन थोडं इकडेतिकडे असतं, त्यामुळे आकडा अंदाजाचाच येईल, पण दोन आणि दहा यातला फरक लपत नाही.

डॉ_कारेलीबाग (सकाळी 7:05)

मी फिजिशियन आहे. रुग्ण पाहिलेला नाही, म्हणून बेतानेच लिहितो.

निनादभाई, ‘पाच इंजेक्शनांनी ताप उतरला नाही म्हणजे रेझिस्टन्स’ हे टायफॉइडला लागू होत नाही. जंतूवर सेफ्ट्रिआक्झोन पूर्ण चालत असलं तरी ताप उतरायला पाच-सहा-सात दिवस लागतात, कारण जंतू पेशींच्या आत असतात. उतरतो तोही हळूहळू. संध्याकाळचा आकडा 103, मग 102, मग 101. चौथ्या दिवशी घाबरून औषध बदललं की पाचव्या दिवशीचं श्रेय नव्या औषधाला जातं, आणि पुढच्या रुग्णाला तेच पहिल्या दिवसापासून मिळतं.

मेघना, रोजचा संध्याकाळचा सर्वाधिक ताप लिहून पाठवा. हिमोग्राममध्ये पांढऱ्या पेशी किती आणि इओसिनोफिल किती तेही.

मेघना_रावपुरा (सकाळी 7:40)

गुरुवार 103.2, शुक्रवार 103, शनिवार 102.8, रविवार 103, सोमवार 102.4. पांढऱ्या पेशी 4,200. इओसिनोफिल 0. प्लेटलेट 1 लाख 30 हजार. एसजीपीटी 92.

डॉ_कारेलीबाग (सकाळी 8:10)

इओसिनोफिल शून्य, पांढऱ्या पेशी कमी, यकृताचा आकडा थोडा वर. चित्र टायफॉइडशी जुळतं. सिद्ध होतं असं म्हणणार नाही, इतर तापांतही असं दिसतं. यकृतातला गळू, स्क्रब टायफस हेही तुमच्या डॉक्टरांनी मनात ठेवलेलं असेल, सोनोग्राफी झाली नसेल तर विचारा.

तापाचा आलेख मला आवडलेला नाही. उतार म्हणावा असा नाहीच. तरीही मी आज नवं औषध देण्याआधी पुन्हा कल्चर घेईन, या वेळी नीट.

दांडियाबाजारचे_काका (सकाळी 8:52)

आमच्या लहानपणी टायफॉइड म्हणजे क्लोरोमायसेटिन. चार-पाच दिवसांत ताप खाली, तीन आठवडे भाताची पेज. माझा थोरला भाऊ त्यावरच बरा झाला. ते औषध आता का देत नाहीत? महाग इंजेक्शनांचा हट्ट कशासाठी?

वृषाली_सूक्ष्म (सकाळी 9:30)

काका, क्लोरोमायसेटिन म्हणजेच क्लोरॅम्फेनिकॉल 1948 पासून टायफॉइडवर वापरात होतं. पुढे 1980 च्या दशकाच्या शेवटी असे जंतू पसरले की क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोल ही तिन्ही एकदम निकामी. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, तेही इथे आता बहुतेक जंतूंवर भरवशाचं राहिलं नाही. म्हणून सेफ्ट्रिआक्झोन. जुनी औषधं वापरातून गेल्यावर त्यांना पुन्हा दाद देणारे जंतू बरेच दिसतात हे खरं आहे, पण ते कळणार कल्चर उगवलं तरच. आणि क्लोरॅम्फेनिकॉलने क्वचित अस्थिमज्जा बंद पडते, म्हणून डॉक्टर बिचकतात.

आता वडोदऱ्याचं. सिंधमधल्या हैदराबादेत 2016 च्या अखेरीस सेफ्ट्रिआक्झोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला, ते बऱ्याच जणांनी वाचलं असेल. आपल्याही शहरातून गेल्या काही वर्षांत सेफ्ट्रिआक्झोन-रेझिस्टंट टायफीचे, म्हणजे टायफॉइडच्या जंतूचे, नमुने सापडलेत आणि त्यांचं जनुकवाचन झालंय. सेफ्ट्रिआक्झोन निकामी करणारं सीटीएक्स-एम-15 नावाचं जनुक त्यांच्यात आहे. ते प्लाझ्मिडवर बसलेलं असतं, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं. त्यामुळे डॉक्टरसाहेबांचा ‘सहा-सात दिवस थांबा’ हा नियम बरोबर असूनही मी या शहरात तो थोडा सैल धरीन.

डॉ_कारेलीबाग (सकाळी 10:02)

मान्य. पण मग प्रत्येक तापाला पहिल्या दिवसापासून दोन-दोन औषधं देणारे निघतील. तोंडाने घ्यायच्या औषधांत अझिथ्रोमायसिन हेच काय ते शिल्लक आहे, आणि त्यालाही न जुमानणारे टायफी बांगलादेशात सापडलेत. ते खोकल्यासर्दीला वाटत सुटलो, आता टायफॉइडलाही अंदाजाने वाटलं तर उरणार काय? आधी बाटली, मग निर्णय.

निनाद_मांजलपूर (सकाळी 10:20)

डॉक्टर, लोक काउंटरवर येऊन अझिचं नाव घेऊनच मागतात. चिठ्ठी नसते. मी देत नाही, ते समोरच्या दुकानातून घेतात. हेही लिहा कुठेतरी.

एक शंका. रक्तात इतकं कमी सापडतं तर अस्थिमज्जेचं कल्चर का करत नाहीत?

वृषाली_सूक्ष्म (सकाळी 10:45)

ते ब्लड कल्चरपेक्षा बरंच जास्त पकडतं, 80 टक्क्यांहून वर, आणि काही दिवस औषध झाल्यावरही. पण त्यासाठी कमरेच्या हाडात सुई घालावी लागते. महिनाभर ताप आणि निदान सापडत नाही अशा वेळी करतात. 24 वर्षांच्या मुलाच्या दहा दिवसांच्या तापाला आधी दोन बाटल्या नीट भरणं जास्त शहाणपणाचं.

स्मिताताई, तुमचं राहून गेलं. विडाल जंतू शोधत नाही, शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं मोजतं. ती एकदा झालेल्या टायफॉइडनंतर कित्येक महिने राहतात, लसीने वाढतात, दुसऱ्याच तापात वर चढू शकतात. मुलीला पहिल्यांदा टायफॉइड झाला असेलही. पुढचे दोन टायफॉइड होते की जुन्याच प्रतिद्रव्यांचे आकडे, हे कल्चरशिवाय कोणी सांगू शकणार नाही. त्या वेळी कल्चरला दिलं होतं का?

स्मिता_समा (दुपारी 1:10)

पहिल्यांदा दिलं होतं, निगेटिव्ह. नंतर दोन्ही वेळा फक्त विडाल. म्हणजे 28 दिवसांचं औषध फुकट गेलं का?

वृषाली_सूक्ष्म (दुपारी 1:25)

आता मागे जाऊन कळणार नाही, ताई. पुढच्या तापाला गोळीआधी बाटली.

मेघना_रावपुरा (मंगळवार, दुपारी 3:15)

डॉक्टरांशी बोलले. रागावतील असं वाटलं होतं, उलट म्हणाले बरं झालं सांगितलंत. सहावं इंजेक्शन द्यायच्या आधी, म्हणजे मागच्या डोसचा जोर सगळ्यात कमी असताना, दोन्ही हातांतून रक्त घेतलं. सिरिंज 10 मिलीच्या, प्रत्येक बाटलीत पूर्ण रेघेपर्यंत, आधी बाटल्या. कातडी पुसून ती वाळू दिली, त्यातही मिनिटभर गेलं. आईला एवढं रक्त पाहून रडू आलं. सोनोग्राफीत प्लीहा वाढलीय, यकृतात गळू नाही.

जुनी बाटली ‘पाच दिवस, वाढ नाही’ म्हणून संपली. वजनाचं लॅबला सांगून ठेवलंय.

मेघना_रावपुरा (बुधवार, सकाळी 11:30)

लॅबचा फोन आला. एका बाटलीत 21 तासांतच वाढ दिसली म्हणून मशीन वाजलं, दुसरीत तासाभराने. काचपट्टीवर ग्राम-निगेटिव्ह दांडके दिसले, हालचाल करणारे.

वृषाली_सूक्ष्म (सकाळी 11:38)

दोन्ही हातांच्या दोन्ही बाटल्या, आणि इतक्या लवकर. कातडीवरचा जंतू चुकून आला असेल ही शंका मिटली. आणि एक लक्षात घ्या, हा जंतू पाच दिवस सेफ्ट्रिआक्झोन चालू असताना रक्तात जिवंत फिरतोय. कुठलं औषध चालतं ते सांगणारा अँटिबायोग्राम यायचा आहे, पण हीच एक खूण आहे.

डॉ_कारेलीबाग (दुपारी 12:15)

आता मीही थांबणार नाही. त्यांच्या डॉक्टरांना हा फोन कळला असेलच, त्यांनी अझिथ्रोमायसिन जोडलं तर योग्यच आहे. पोट कडक झालं, शौचात रक्त आलं, तो गुंगायला लागला, तर मात्र मेरोपेनेमचा विचार लगेच. तिसरा आठवडा जवळ येतोय, आतडं फुटण्याची भीती तेव्हाच जास्त असते.

मेघना_रावपुरा (शुक्रवार, संध्याकाळी 6:20)

बुधवारी दुपारपासूनच अझिथ्रोमायसिन सुरू आहे. आज पूर्ण रिपोर्ट आला.

साल्मोनेला टायफी. R म्हणजे औषध चालत नाही, S म्हणजे चालतं. सेफ्ट्रिआक्झोन R. सेफिक्झिम R. अँपिसिलिन R. सिप्रो R. अझिथ्रोमायसिन S. मेरोपेनेम S. अमिकासिन S.

सेफ्ट्रिआक्झोन आज बंद केलं. मामा विचारतोय की अमिकासिनही S आहे, इंजेक्शन आहे, स्वस्त आहे, मग गोळीपेक्षा ते का नको?

वृषाली_सूक्ष्म (संध्याकाळी 6:45)

अमिकासिन या रिपोर्टवर छापायलाच नको होतं. ताटलीत जंतू उघड्यावर असतो, तिथे ते त्याला मारतं, म्हणून S. माणसात तो पेशीच्या आत बसतो, आणि अमिकासिन पेशीत नीट शिरतच नाही. साल्मोनेलासाठी हा गट S आला तरी कळवू नये असा नियम आहे. अझिथ्रोमायसिन उलट पेशीच्या आत साठतं. मामांना सांगा, S आणि R वाचताना औषध जिथे पोचायला हवं तिथे पोचतं का हेही पाहावं लागतं.

निनाद_मांजलपूर (संध्याकाळी 7:10)

मग रेझिस्टन्स होताच. मी पहिल्या रात्री म्हणालो होतो.

डॉ_कारेलीबाग (संध्याकाळी 7:30)

म्हणाला होतात, आणि या रुग्णात खरं ठरलं. पण पाच दिवसांच्या तापावरून म्हणाला होतात. पुढच्या पाच जणांत त्याच कारणाने म्हणाल तर बहुतेक वेळा चुकाल.

दांडियाबाजारचे_काका (रात्री 8:05)

म्हणजे आपल्या शहरात किती टक्के टायफॉइड असा आहे? इतरांच्या घरीही तरुण पोरं आहेत.

वृषाली_सूक्ष्म (रात्री 8:40)

काका, प्रामाणिक आकडा देता येत नाही. माझ्या टेबलावर येतात ते बहुतेक औषध लागू न पडलेले, मोठ्या दवाखान्यात पोचलेले रुग्ण. त्यांच्यात रेझिस्टंट जास्त दिसणारच. जे गोळ्यांवर बरे झाले त्यांचं रक्त कुणी घेतलंच नाही. आणि घेतलेल्यांतलेही कितीतरी दीड-दोन मिलीत सुटतात. लॅबमधले शंभरात किती, हे मी सांगेन. शहरातले शंभरात किती, हे त्यावरून काढता येत नाही.

मेघना_रावपुरा (पुढचा बुधवार, सकाळी 9:15)

ताप शनिवारी 101.6, रविवारी 101, सोमवारी 99.8, कालपासून नाही. काल वरणभात मागून घेतला. आई देवापाशी बसून राहिली बराच वेळ.

जुन्या बाटलीचं वजन कळलं. रिकामीपेक्षा साधारण दीड ग्रॅम जास्त.

वृषाली_सूक्ष्म (सकाळी 9:50)

म्हणजे दीड मिलीच्या आसपास. दुसऱ्या वेळी वीस.

निनाद, आता तुमच्या पहिल्या मुद्द्याकडे परत येऊ या, मीही तेव्हा तो अर्धा मानला होता. हा जंतू सेफिक्झिमलाच दाद देत नव्हता. म्हणजे त्या गोळ्यांनी रक्तातले जंतू मारले आणि म्हणून बाटली रिकामी आली, हे या रुग्णात बसत नाही. गोळ्या निर्दोष, रक्त अपुरं.

डॉ_कारेलीबाग (सकाळी 10:20)

वृषालीताई, एवढ्या ठामपणे मी म्हणणार नाही. रक्तातली जंतूंची संख्या तासातासाला कमीजास्त होते, गुरुवारची ती वेळच कमी जंतूंची असू शकते. पण दोन्हींवर तोड एकच, जास्त रक्त, दोन जागांहून.

मेघना, गोळ्यांचा कोर्स पूर्ण होईपर्यंत एकही चुकवू नका. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप परत आला तर विडाल नको, पुन्हा कल्चर. आणि घरात सगळे एकाच माठातलं पाणी पितात का?

मेघना_रावपुरा (सकाळी 10:45)

हो, एकाच. काल संध्याकाळपासून बाबांना कणकण आहे, आज सकाळी 100.4. त्यांनी कपाटातून सेफिक्झिमची उरलेली पट्टी काढली होती, मी हातातून घेतली. आत्ता लॅबमधून परत आलो. दोन हात, दोन बाटल्या, रेघेपर्यंत. मशीनमध्ये लागल्यात.